कोटेशनमध्ये न दिलेले आकडे व्हेंडरकडे कसे मागावेत?

वाचकाचे पत्र

महोदय, मी लोटे परशुराम एमआयडीसीतील एका रसायन कारखान्याच्या प्रोजेक्ट विभागात गेल्या वर्षी रुजू झालो. आमच्या बंद चक्रातील गरम पाणी ५५ अंशांवरून ३८ अंशांवर आणण्यासाठी तीन व्हेंडरांकडून प्लेट हीट एक्स्चेंजरची कोटेशने मागवली. एका व्हेंडरच्या कोटेशनमध्ये हीट लोड ५९३ किलोवॉट, क्षेत्रफळ १४ चौरस मीटर, एसएस ३१६ प्लेटा, नायट्राइल गॅस्केट, डिझाइन प्रेशर १० बार आणि किंमत, एवढेच आहे. इतरांपेक्षा किंमत बरीच कमी आहे. साहेब म्हणाले, "डिझाइन डेटा मागव, मग बघू." मी "कृपया संपूर्ण तांत्रिक माहिती पाठवावी" असा ईमेल केला, तर त्यांनी कॅटलॉग पाठवला. आता पुन्हा काय आणि कसे लिहू, म्हणजे मी अडाणी ठरणार नाही आणि समोरच्यालाही राग येणार नाही?

— एक कनिष्ठ अभियंता, जि. रत्नागिरी

उत्तर

नमस्कार.

दुसरा ईमेल लिहायला बसण्यापूर्वी तुमचे स्वतःचे चौकशीपत्र पुन्हा एकदा वाचा. तुम्ही मला जे लिहिले आहे त्यात गरम पाण्याची दोन्ही तापमाने आहेत, पण त्याचा प्रवाह नाही. थंड बाजूला काय आहे, ते किती अंशांवर येते, किती अंशांवर परत सोडता येते आणि त्यासाठी किती दाब खर्च करता येईल, यांपैकीही काही नाही. चौकशीपत्रातही एवढेच गेले असेल, तर उरलेले आकडे व्हेंडरने स्वतः गृहीत धरलेले आहेत, कारण ते धरल्याशिवाय १४ चौरस मीटर हे उत्तर निघूच शकत नाही. तुमच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. तुम्हाला हवी असलेली माहिती व्हेंडरकडे तयार आहे. त्यांचा ॲप्लिकेशन इंजिनिअर दोन्ही बाजूंचे प्रवाह, तापमाने आणि मान्य प्रेशर ड्रॉप सिलेक्शन सॉफ्टवेअरमध्ये भरतो, आणि त्यातून एका पानाची डेटाशीट छापून निघते. विक्री विभागाने त्या पानातल्या चार-पाच ओळी कोटेशनमध्ये उचलल्या, एवढेच. तुम्हाला ते पान मागायचे आहे. त्यात समोरच्याला राग येण्यासारखे काही नाही.

"संपूर्ण तांत्रिक माहिती" या शब्दांवर कॅटलॉगच येतो, कारण ते वाचणाऱ्याला तुम्ही कशावर अडला आहात हे कळत नाही. जो आकडा हवा आहे त्याच्या शेजारी आपण स्वतः काढलेला आकडा लिहावा, आणि तो बरोबर आहे की नाही एवढेच विचारावे. असा प्रश्न टाळणे कठीण असते, आणि तो विचारणारा अडाणी ठरत नाही. त्यासाठी फार मोठे गणित लागत नाही. तुमच्याच कोटेशनवर ते करून दाखवतो.

हीट लोड ५९३ किलोवॉट आणि गरम पाण्याच्या तापमानातील घट १७ अंश, यांवरून गरम पाण्याचा प्रवाह ताशी सुमारे ३० टन निघतो. तुमच्या अभिसरण पंपाचा प्रवाह तेवढाच आहे का, हे प्रथम पाहा. नसेल तर प्रश्न तिथूनच सुरू होतो. थंड बाजूला कूलिंग टॉवरचे पाणी आहे असे मी धरतो. कोकणातल्या दमट हवेत टॉवरमधून येणारे पाणी ३२ अंशांचे आणि परत जाणारे ४२ अंशांचे धरणे वाजवी आहे. तसे धरले तर थंड पाणी ताशी ५१ टन लागेल. आता एक्स्चेंजरच्या एका टोकाला ५५ आणि ४२ यांच्यात १३ अंशांचे अंतर आहे, तर दुसऱ्या टोकाला ३८ आणि ३२ यांच्यात ६ अंशांचे. या दोहोंची लॉगरिदमिक सरासरी, म्हणजे आपली एलएमटीडी, ९.०५ अंश येते. पुढचे सूत्र तुम्हाला पाठ असेलच:

```
U = Q / (A × LMTD) = 593000 / (14 × 9.05) ≈ 4680 W/m²K
```

पाणी-पाणी सेवेतल्या प्लेट एक्स्चेंजरला ही यू-व्हॅल्यू अशक्य नाही. म्हणून केवळ किंमत कमी आहे एवढ्यावरून व्हेंडरवर संशय घेऊ नका. पण व्हेंडरने थंड पाणी ३२ ऐवजी ३० अंशांचे धरले असेल तर काय होते ते पाहा. प्रवाह तोच ठेवला, तर पाणी ३० अंशांवर आत येईल आणि ४० अंशांवर बाहेर पडेल. टोकांवरची अंतरे १५ आणि ८ अंश होतील, एलएमटीडी ११.१ वर जाईल आणि त्याच १४ चौरस मीटरसाठी लागणारी यू-व्हॅल्यू ३८०० वर उतरेल. थंड पाण्याच्या तापमानातल्या अवघ्या दोन अंशांनी क्षेत्रफळाच्या गरजेत जवळजवळ पाचव्या हिश्शाचा फरक पडला, कारण थंड टोकाला मुळात सहाच अंशांचे अंतर होते. तीन व्हेंडरांच्या किमतींत जो फरक दिसतो तो इथून आलेला असू शकतो. तिघांनी तीन वेगवेगळी तापमाने धरली असतील, तर त्या किमती एकमेकांशेजारी मांडण्याला अर्थ उरत नाही.

याचा कारखान्यात प्रत्यक्ष परिणाम किती, तेही सांगतो. समजा व्हेंडरने ३० अंशांवर निवड केली आणि वर १० टक्के मार्जिन ठेवले, म्हणजे स्वच्छ प्लेटांची यू-व्हॅल्यू ४१८० च्या आसपास आहे. पावसाळ्यात टॉवरचे पाणी ३२ अंशांवर गेले की हाच एक्स्चेंजर नवा आणि स्वच्छ असतानाही गरम पाणी ३८.७ अंशांपर्यंतच उतरवील, आणि प्लेटांवर थर बसून ते मार्जिन संपले की ३९.४ अंशांपर्यंत. तुमच्या प्रक्रियेला ४० अंश चालत असतील तर यावर भांडण्यात अर्थ नाही, कमी किमतीचे कोटेशन आनंदाने घ्यावे. ३८ ही खरी मर्यादा असेल तर मात्र हा एक्स्चेंजर तुमच्या कामाचा नाही. यांपैकी काय खरे आहे हे व्हेंडर ठरवू शकत नाही. ते तुमच्या प्रक्रिया विभागाला विचारून ईमेलमध्ये लिहावे लागते.

यानंतरचा प्रश्न प्रेशर ड्रॉपचा. माझ्या मते तुमच्या कोटेशनमधली सर्वांत मोठी उणीव तीच आहे. प्लेटांमधल्या अरुंद वाटांतून पाणी वेगाने ढकलले तर उष्णता जास्त वाहते आणि कमी प्लेटांत काम होते, पण त्यासाठी पंपाला जास्त दाब द्यावा लागतो. म्हणून तुम्ही मर्यादा घातली नाही, तर व्हेंडरला प्रेशर ड्रॉप वाढवून क्षेत्रफळ, आणि त्यासोबत किंमत, खाली आणता येते. त्यात त्याची लबाडी नाही. मर्यादा सांगितलेली नव्हती आणि स्पर्धा किमतीची होती. समजा तुमच्या कूलिंग वॉटर हेडरवर एक्स्चेंजरसाठी ०.६ बार उपलब्ध आहे आणि व्हेंडरने १.२ बार धरून निवड केली आहे. प्रेशर ड्रॉप साधारणपणे प्रवाहाच्या १.८ व्या घातात वाढतो, त्यामुळे अर्ध्या दाबावर प्रवाह ताशी ५१ टनांऐवजी ३५ टनांच्या आसपास येईल. एवढ्या पाण्याने तीच उष्णता न्यायची तर ते ४६ अंशांच्या पुढे तापले पाहिजे. म्हणजे एलएमटीडी ७ च्या जवळ घसरते, आणि वेग कमी झाल्यामुळे यू-व्हॅल्यूही उतरते. एक्स्चेंजरमध्ये काहीही दोष नसताना तो काम करीत नाही असे दिसते, आणि मग साइटवर प्लेटा उघडून साफ करणे सुरू होते. म्हणून प्रत्येक बाजूचा प्रेशर ड्रॉप वेगळा मागा, आणि तो पोर्टसहित आहे का तेही विचारा.

तुमच्या बाजूने उपलब्ध दाबाचा आकडा देता यावा यासाठी आधी साइटवर जा, टॉवरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हेडरवरचे प्रेशर गेज वाचा आणि दोन्ही गेज एकाच उंचीवर आहेत का ते पाहा. पंपाच्या नेमप्लेटवरचा हेड म्हणजे एक्स्चेंजरला उपलब्ध असलेला दाब नव्हे. त्यातला मोठा हिस्सा पाणी टॉवरच्या माथ्यावर चढवण्यात आणि पाइपांत खर्च होतो. एक्स्चेंजरच्या आधी गाळणी बसवणार असाल, आणि टॉवरच्या पाण्याला ती बसवायलाच हवी, तर तिचा प्रेशर ड्रॉपही त्यातूनच वजा करा.

तिसरा प्रश्न मार्जिनचा, आणि इथे नव्या अभियंत्यांकडून एक विशिष्ट मागणी सवयीने जाते. शेल अँड ट्यूब एक्स्चेंजरच्या डेटाशीटवरून "फाउलिंग फॅक्टर टेमानुसार" ही ओळ उचलून प्लेट एक्स्चेंजरच्या ईमेलमध्ये टाकली जाते. ती टाकू नका. प्रक्रिया केलेल्या टॉवरच्या पाण्यासाठी टेमाच्या तक्त्यांतला फाउलिंग रोध ०.०००१७६ इतका आहे. आपल्या उदाहरणात स्वच्छ यू-व्हॅल्यू ५१५० धरली, तर एवढा रोध एकाच बाजूला घातल्यावर ती २७०० वर येते आणि १४ ऐवजी सुमारे २४ चौरस मीटर लागतात. यात पैसे वाया जातात हा भाग आहेच, पण जास्तीच्या प्लेटा समांतर जोडल्या जातात, त्यामुळे प्रत्येक वाटेतला वेग घटतो आणि कमी वेगामुळे थर अधिकच लवकर बसतो. प्लेट एक्स्चेंजरमध्ये पाण्याची घुसळण स्वतःच प्लेटा घासून ठेवते आणि फाउलिंग नळ्यांच्या मानाने बरेच कमी असते, म्हणून इथे मार्जिन क्षेत्रफळाच्या टक्केवारीत सांगण्याची पद्धत आहे. स्वच्छ यू-व्हॅल्यू ५१५० आणि लागणारी ४६८० असेल तर मार्जिन १० टक्के झाले. स्वच्छ साध्या पाण्याला एवढे पुरते. पाण्यात गढूळपणा असेल तर ते थोडे वाढवावे, आणि वाढवताना प्रेशर ड्रॉप किती राहतो हेही पाहावे. व्हेंडरकडे स्वच्छ आणि सेवेतील अशा दोन्ही यू-व्हॅल्यू मागा. एकच दिली तर ती कोणती हे कळायला मार्ग नाही.

प्लेटांच्या धातूबद्दल थोडक्यात. एसएस ३१६ चालेल की नाही हे तुमच्या टॉवरच्या पाण्यातील क्लोराइड, पीएच आणि प्लेटेच्या पृष्ठभागाचे तापमान या तिघांवर मिळून ठरते. गॅस्केटखाली आणि प्लेटा एकमेकींना टेकतात त्या ठिकाणी फटी असतात, आणि खड्डे पडायला सुरुवात तिथून होते. ब्लोडाउन कमी ठेवला की टॉवरमधल्या पाण्यातले क्लोराइड मेकअपच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते, म्हणून अहवाल टॉवरच्या बेसिनमधल्या पाण्याचा जोडा, बोअरच्या पाण्याचा जोडू नका. तो जोडला की व्हेंडरला "या पाण्याला ३१६ योग्य आहे" असे लेखी म्हणावे लागते, किंवा टायटॅनियमची पर्यायी किंमत द्यावी लागते. नायट्राइल गॅस्केट तुमच्या तापमानाला आणि साध्या पाण्याला योग्यच आहे. बंद चक्रात काही रसायन मिसळत असाल तर त्याचे नाव मात्र कळवा.

काय मागू नये, हेही लक्षात ठेवा. प्लेटेवरच्या नागमोडी खाचांचा कोन, उष्णतावहनाची त्यांची समीकरणे, प्लेटेच्या साच्याचे रेखाचित्र या गोष्टी प्रत्येक उत्पादक स्वतःजवळ ठेवतो आणि ऑर्डर दिल्यावरही देत नाही. त्यांची तुम्हाला गरजही नाही. असा एक प्रश्न यादीत शिरला की समोरचा माणूस "ही माहिती गोपनीय आहे" असे एकच उत्तर सगळ्या यादीला देऊन मोकळा होतो. तसेच दुसऱ्या व्हेंडरची डेटाशीट "अशी माहिती द्या" म्हणून जोडण्याचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळा. त्याने विश्वासाने दिलेले आकडे त्याच्या स्पर्धकाच्या हाती देणे गैर आहे. नमुना हवाच असेल तर प्लेट एक्स्चेंजरसाठी एपीआय ६६२ या मानकात कोरी डेटाशीट दिलेली आहे, तिच्यातल्या आपल्या कामाच्या ओळी वापरा.

आता ईमेल. मी तो मराठीत लिहितो. तुमचा व्यवहार इंग्रजीत असेल तर क्रम हाच ठेवा. यातले माझे गृहीत आकडे काढून तुमचे खरे आकडे घालायला विसरू नका.

> विषय: ऑफर क्र. (…), दि. (…) – प्लेट हीट एक्स्चेंजर, टॅग ई-२०४ – डिझाइन डेटाची पूर्तता, (तारीख)पर्यंत अपेक्षित
>
> श्री. (…) यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपली वरील ऑफर मिळाली, आभारी आहोत. तांत्रिक तुलना पूर्ण करण्यासाठी ऑफरमध्ये न आलेले काही आकडे आम्हाला हवे आहेत. आमच्या मूळ चौकशीपत्रात थंड बाजूची माहिती अपुरी होती, म्हणून आमचा डिझाइनचा आधार प्रथम देत आहोत.
>
> गरम बाजू: बंद चक्रातील डीएम पाणी, ताशी ३० टन, ५५ अंशांवरून ३८ अंशांवर. ३८ अंश ही कमाल मर्यादा आहे. मान्य प्रेशर ड्रॉप ०.५ बार.
> थंड बाजू: कूलिंग टॉवरचे पाणी, आत येताना ३२ अंश (पावसाळ्यातील कमाल), बाहेर पडताना ४२ अंश, ताशी ५१ टन. मान्य प्रेशर ड्रॉप पोर्टसहित ०.६ बार. पाण्याचा विश्लेषण अहवाल सोबत जोडला आहे.
>
> या आधारावर आपल्या १४ चौरस मीटर क्षेत्रफळासाठी एलएमटीडी ९.०५ अंश आणि सेवेतील यू-व्हॅल्यू सुमारे ४६८० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश येते. कृपया पुढील बाबी कळवाव्यात.
>
> १. आपली निवड वरील प्रवाहांवर आणि तापमानांवरच केली आहे का? नसल्यास आपण धरलेले आकडे कोणते?
> २. दोन्ही बाजूंचा गणनेने आलेला प्रेशर ड्रॉप, पोर्टसहित.
> ३. स्वच्छ आणि सेवेतील यू-व्हॅल्यू, तसेच क्षेत्रफळातील मार्जिन टक्क्यांत.
> ४. प्लेटांची संख्या, प्रत्येक प्लेटेचे परिणामकारक क्षेत्रफळ, प्लेटेची जाडी, आणि दोन्ही बाजूंच्या पासांची व वाटांची संख्या.
> ५. जोडलेल्या अहवालातील पाण्यासाठी एसएस ३१६ योग्य असल्याची पुष्टी. अन्यथा पर्यायी धातू सुचवावा.
> ६. डिझाइन तापमान, हायड्रो टेस्टचा दाब, आणि फ्रेममध्ये पुढे किती प्लेटा वाढवता येतील.
>
> आपल्या सिलेक्शन सॉफ्टवेअरची एका पानाची डेटाशीट पाठवल्यास यातील बहुतेक बाबी त्यातच येतील. वरील आधारावर निवड बदलत असल्यास कृपया सुधारित ऑफर डेटाशीटसह (तारीख)पर्यंत पाठवावी, कारण तांत्रिक तुलना आम्ही त्यानंतर बंद करणार आहोत. गणनेबाबत काही शंका असल्यास माझ्याशी थेट बोलावे. किंमत व व्यापारी अटींबाबतचा पत्रव्यवहार आमचा खरेदी विभाग पाहील.
>
> आपला,
> (नाव, हुद्दा, दूरध्वनी)

विषयाच्या ओळीत ऑफर क्रमांक, टॅग आणि तारीख घालण्याचे कारण व्यवहारातले आहे. तुमचा ईमेल विक्री विभागातला माणूस उघडतो, पण उत्तर देणारा ॲप्लिकेशन इंजिनिअर वेगळा असतो, आणि तुमचा ईमेल त्याच्याकडे जसाच्या तसा पुढे जातो. त्याने तुमचे मूळ चौकशीपत्र पाहिलेलेही नसते. म्हणून सगळा आधार त्याच ईमेलमध्ये हवा, "आमच्या आधीच्या ईमेलनुसार" असे लिहून भागत नाही. चौकशीपत्रातली उणीव आपणहून एका वाक्यात मान्य केली की समोरच्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही, आणि तो सरळ आकड्यांकडे वळतो. खरेदी विभागाला प्रत पाठवा. आणि हाच डिझाइनचा आधार उरलेल्या दोन व्हेंडरांनाही त्याच दिवशी पाठवा. एकालाच दुरुस्त आकडे मिळाले तर तुलना पुन्हा वाकडी होते आणि इतरांवर अन्यायही होतो.

"गणनेबाबत शंका असल्यास बोलावे" हे वाक्य काढून टाकू नका. उत्तर अर्धवट आले, उदाहरणार्थ प्रेशर ड्रॉपपुढे "मर्यादेत" एवढेच लिहिले, तर दुसऱ्या लांबलचक ईमेलपेक्षा एक फोन अधिक कामाचा. पण फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवा: "आज बोलणे झाल्याप्रमाणे थंड बाजूचा प्रेशर ड्रॉप ०.५८ बार आहे, कृपया पुष्टी करावी."

डेटाशीट हाती आली की ती तशीच साहेबांपुढे नेऊ नका, आधी तीन ठिकाणी तपासा. पहिले, दोन्ही बाजूंचा हीट लोड वेगवेगळा काढा: गरम बाजूला ३० टन गुणिले १७ अंश आणि थंड बाजूला ५१ टन गुणिले १० अंश, दोन्ही ५१० यायला हवेत. दुसरे, क्षेत्रफळ. दोन टोकांच्या प्लेटांच्या एकाच बाजूला पाणी असल्याने त्या उष्णता देत-घेत नाहीत, म्हणून प्लेटांच्या संख्येतून दोन वजा करा. एका प्लेटेचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर असेल, तर १४ चौरस मीटरला ७२ प्लेटा हव्यात. डेटाशीटवर ७० प्लेटा आणि १४ चौरस मीटर दिसले, तर टोकाच्या प्लेटाही मोजल्या गेल्या आहेत आणि खरे क्षेत्रफळ १३.६ आहे. फरक लहान आहे, पण तो तुमच्या १० टक्के मार्जिनमधून जातो. तिसरे, सेवेतील यू-व्हॅल्यू गुणिले क्षेत्रफळ गुणिले एलएमटीडी हा गुणाकार ५९३ किलोवॉटच्या जवळ यायला हवा. तो बराच जास्त आला, तर यू-व्हॅल्यूच्या जागी स्वच्छ प्लेटांची यू-व्हॅल्यू लिहिलेली असण्याचा संभव आहे.

थंड बाजूचा प्रेशर ड्रॉपही एकदा डोळ्यांखालून घाला. तो ०.६ च्या वर असेल तर निवड तुमच्या हेडरला झेपणारी नाही. तो अगदीच कमी, समजा ०.०८ बार असेल, तर प्लेटा गरजेपेक्षा जास्त आणि वेग कमी आहे. टॉवरच्या पाण्याला हे चांगले लक्षण नाही, त्याबद्दलही विचारा.

शेवटी एक गोष्ट खरेदी विभागाला तुम्हीच आठवण करून द्यायची आहे. ईमेलच्या उत्तरात आलेले आकडे ऑर्डरमध्ये आपोआप येत नाहीत. व्हेंडरने सुधारित ऑफर क्रमांक देऊन डेटाशीट तिला जोडली पाहिजे, आणि खरेदी आदेशात त्या क्रमांकाचा आणि तारखेचा उल्लेख झाला पाहिजे. ३२ अंशांचे पाणी, ताशी ५१ टन प्रवाह आणि ०.६ बार हे तिन्ही त्या पानावर आहेत ना, हे आदेश सुटण्यापूर्वी स्वतः वाचून घ्या.